शोरील जे दाखवत नाही, ते पत्रात

फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा 'अपोकॅलिप्स नाऊ' १९७९ साली पडद्यावर आला. त्याच्या संकलकांपैकी एक असलेल्या वॉल्टर मर्च यांनी पुढे आपल्या पुस्तकात त्या कामाचा हिशेब मांडला. चित्रीकरण झालं होतं साडेबारा लाख फूट फिल्मचं, म्हणजे सुमारे २३० तासांचं. चित्रपट झाला दोन तास पंचवीस मिनिटांचा. प्रेक्षकाने पाहिलेल्या प्रत्येक मिनिटामागे न पाहिलेली ९५ मिनिटं होती. चित्रपटातले एकूण कट आणि संकलकांनी घालवलेले दिवस यांचा भागाकार केला, तर एका संकलकाच्या वाट्याला दिवसाकाठी १.४७ कट आले, असंही मर्च सांगतात. दिवसभर कात्री चालवायची आणि संध्याकाळी हिशेबाला दीड कट!

बाकीचा वेळ पाहण्यात, लावून बघण्यात, काढून टाकण्यात आणि पुन्हा लावण्यात गेला. संकलनाच्या कामाची अडचण इथेच आहे. जे काढून टाकलं तेच खरं काम, आणि ते कुणाला दाखवता येत नाही. कॅमेरामन आपली फ्रेम दाखवू शकतो, संगीतकार चाल ऐकवू शकतो. फ्रीलान्स एडिटर एखाद्या स्टुडिओकडे काम मागायला जातो तेव्हा दोन मिनिटांचं शोरील पुढे करतो, आणि समोरच्याला त्यात दिसतं ते दुसऱ्याने टिपलेलं चित्र आणि तिसऱ्याने बनवलेलं संगीत. एडिटर कुठे आहे, हे शोरीलबरोबर जाणाऱ्या पत्रानेच सांगायचं असतं. बहुतेक पत्रं नेमकं तेवढंच सांगत नाहीत.

पत्र वाचणारं माणूस कोण असतं, ते आधी पाहू. पुण्यात, मुंबईत, नाशकात चार-सहा जणांचे असंख्य छोटे स्टुडिओ आहेत. दिग्दर्शकच मालक, एक कॅमेरामन, निर्मितीचं सगळं बघणारी एक व्यक्ती आणि घरचा एक एडिटर, असा साधारण संसार. कारखान्यांच्या आणि संस्थांच्या फिल्म, एखादा माहितीपट, यूट्यूबसाठी एखादी मालिका अशी कामं चालतात. दोन कामांच्या तारखा एकमेकींवर आल्या की घरचा एडिटर पुरत नाही आणि बाहेरचा शोधला जातो. म्हणजे पत्र उघडलं जातं तेव्हा उघडणाऱ्याच्या डोक्यावर आधीच एक तारीख बसलेली असते. त्याला कलावंत हवा असतोच, पण त्याआधी त्याच्या मनात काही साध्या धास्ती असतात. हार्ड डिस्क दिली आणि माणूस फोन उचलेनासा झाला तर? प्रोजेक्ट परत आला आणि आपल्या मशीनवर उघडलाच नाही तर? मुलाखतीतला बोलीभाषेतला मजकूर याला कळलाच नाही, म्हणून चांगलं वाक्य कापलं गेलं तर?

आता नेहमीचं पत्र घ्या. ते हमखास इंग्रजीत असतं, आणि दहा जणांनी एकाच ठिकाणाहून उतरवल्यासारखं असतं. मी मेहनती आहे, मला लहानपणापासून संकलनाची आवड आहे, मी दबावाखाली काम करू शकतो, संघात मिसळून राहतो. खाली सॉफ्टवेअरची यादी आणि प्रत्येकापुढे रंगीत पट्टी : प्रीमियर ९५ टक्के, आफ्टर इफेक्ट्स ८० टक्के, फोटोशॉप ७५ टक्के. हे टक्के कशाचे असतात, कोण जाणे. प्रीमियर ९५ टक्के येणाऱ्याला उरलेलं पाच टक्के कुठलं येत नाही, हे विचारण्याचा मोह एखाद्या निर्मात्याला झाला तर त्याला दोष देता येणार नाही. मग एक लिंक, आणि ती लिंक काय दाखवते याबद्दल अवाक्षर नाही.

याउलट एक पत्र नमुना म्हणून पाहू. कोल्हापुरात राहणारा एक फ्रीलान्स एडिटर पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओला लिहितो आहे, असं समजू. माणूस आणि स्टुडिओ दोन्ही उदाहरणापुरते. कामाचे तपशील मात्र या धंद्यात रोज घडणारे आहेत.

विषय : माहितीपटांसाठी फ्रीलान्स एडिटर, शोरील २ मिनिटं, १० तारखेपासून मोकळा

सप्रेम नमस्कार,

आपल्या स्टुडिओला माहितीपटांच्या कामासाठी बाहेरून एडिटर हवा असल्याचं कळलं, म्हणून लिहीत आहे. गावोगावच्या जुन्या विहिरींवरची आपली मालिका मी पाहिली. तिसऱ्या भागात निवेदन जवळजवळ नाही, गावकरीच गोष्ट पुढे नेतात. मी जे काम करतो, ते बरंचसं याच जातीचं आहे.

पाच वर्षं कोल्हापुरात राहून फ्रीलान्स संकलन करतो. नुकताच ऊसतोड कामगारांवरचा १२ मिनिटांचा माहितीपट पूर्ण केला. फुटेज १६ तासांचं होतं : १४ तास मुख्य कॅमेऱ्याचं, दीड तास कामगारांनीच मोबाइलवर काढलेलं, अर्धा तास ड्रोनचं. लिहिलेली संहिता नव्हती. मुलाखती ऐकून त्यांचे उतारे मी काढले आणि पहिली मांडणी कागदावर केली. दिग्दर्शकांनी ती दोनदा बदलली. सुरुवातीला निवेदन होतं, ते शेवटी पूर्ण काढून टाकलं. रफ कट अकराव्या दिवशी दिला, नंतर करेक्शनच्या तीन फेऱ्या झाल्या.

शोरीलची लिंक आणि पासवर्ड खाली आहेत. त्यात तीन तुकडे आहेत :
०:०० ऊसतोडीच्या माहितीपटातला पहाटेचा प्रसंग. संकलन आणि ध्वनीची पहिली मांडणी माझी.
०:५० शाळांसाठीच्या विज्ञान प्रयोगांच्या मालिकेतला एक प्रयोग. संकलन आणि मराठी सबटायटल माझी.
१:२५ एका कारखान्याची कॉर्पोरेट फिल्म. फक्त संकलन माझं, रंगकाम दुसऱ्याचं.
पूर्ण माहितीपट वेगळ्या लिंकवर आहे. दाखवायला निर्मात्यांची परवानगी घेतली आहे.

संकलन प्रीमियरमध्ये करतो. रंगासाठी टाइमलाइन एक्सएमएलने रिझॉल्व्हमध्ये नेतो. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे रंग जुळवणं जमतं, जाहिरातीच्या तोडीचं ग्रेडिंग जमत नाही, तिथे कलरिस्ट लागेल. आफ्टर इफेक्ट्समध्ये नावाच्या पट्ट्या आणि साधे नकाशे करतो, थ्रीडी करत नाही. ध्वनीच्या अंतिम मिक्सिंगसाठी स्टुडिओला एएएफ काढून देतो. मराठी सबटायटल युनिकोडमध्ये करतो आणि एसआरटी फाइल वेगळी देतो. आपल्याकडे प्रीमियरची कोणती आवृत्ती आहे ते कळवलंत, तर त्याच आवृत्तीत काम करेन.

एका वेळी एकच माहितीपट घेतो. पुढच्या महिन्याच्या १० तारखेपासून मोकळा आहे. हार्ड डिस्क घ्यायला स्वतः पुण्याला येईन.

कळावे,
आपला,

पत्र इतकंच. संगणकाच्या पडद्यावर एका नजरेत मावतं आणि मोबाइलवर दोन-तीनदा बोट फिरवलं की संपतं. भाषा मराठी आहे, आणि तीही उगाच नाही. स्टुडिओचं काम मराठी मुलाखतींवर चालतं. ज्याला बीडकडच्या बाईचं बोलणं ऐकून त्यातलं नेमकं वाक्य निवडायचं आहे, त्याचं मराठी कसं आहे हे पत्रातच कळलेलं बरं. मुंबईतल्या जाहिरातीच्या स्टुडिओला लिहायचं असतं तर हाच माणूस इंग्रजीत लिहिता, आणि तेही बरोबरच ठरलं असतं.

पत्राचा जीव दुसऱ्या परिच्छेदात आहे. १६ तासांचं फुटेज आणि १२ मिनिटांची फिल्म, म्हणजे एकाला ८० हे प्रमाण. ते सांगितल्याबरोबर कामाचा आवाका कळतो. लिहिलेली संहिता नव्हती, या तीन शब्दांनी तर बरंच काही सांगितलं. संहिता असलेल्या कॉर्पोरेट फिल्ममध्ये एडिटर ठरलेल्या वाक्यांवर चित्रं बसवतो. संहिता नसलेल्या माहितीपटात गोष्ट कुठे सुरू होते, हे सुद्धा त्यालाच शोधावं लागतं. म्हणूनच 'उतारे काढले' हा उल्लेख महत्त्वाचा. मुलाखती ऐकायच्या, त्या शब्दशः उतरवायच्या, प्रत्येक वाक्यापुढे टाइमकोड लिहायचा, मग ती वाक्यं कागदावर कापून-जोडून पाहायची. या टप्प्याला पेपर एडिट म्हणतात. तो न करता थेट टाइमलाइनवर बसलेला एडिटर तिसऱ्या दिवसापर्यंत उत्साहात असतो. मग कुठली बाई कुठल्या मुलाखतीत काय म्हणाली होती, हे शोधण्यात त्याचा आठवडा जातो. पत्र वाचणाऱ्या दिग्दर्शकाने हे भोगलेलं असतं, त्यामुळे ते दोन शब्द तो बरोबर टिपतो.

'दिग्दर्शकांनी ती दोनदा बदलली' हे वाक्य नवखा माणूस लिहिणार नाही. त्याला त्यात कमीपणा वाटेल. पण छोट्या स्टुडिओत दिग्दर्शक शेजारी खुर्ची ओढून बसतो, आणि आपली मांडणी मोडली म्हणून रुसणारा एडिटर हे तिथलं मोठं दुखणं असतं. इथे तर निवेदनच काढून टाकलं, म्हणजे केलेल्या कामातला मोठा भाग वाया गेला. ते सहज सांगितलं गेलं आहे, तक्रारीचा सूर न लावता. तीन फेऱ्यांचा उल्लेखही उपयोगी. काम कुठल्या टप्प्यांनी जातं याचा अंदाज दोघांनाही येतो, आणि पुढे पैशाचं बोलणं निघालं की फेऱ्या किती, हा पहिला प्रश्न आपोआप मोकळा होतो.

आता शोरीलकडे वळू. बहुतेक शोरील म्हणजे दणदणीत संगीतावर सेकंदा-दोन सेकंदांनी उडणारे सुंदर शॉट असतात : ड्रोनवरून दिसणारा किल्ला, संथ वेगात उडणारा भंडारा, नवरीचे पैंजण, कारखान्यातल्या ठिणग्या. कॅमेरामनसाठी हा प्रकार ठीक आहे. एडिटरच्या बाबतीत त्यातून एवढंच कळतं की याला ठेक्यावर कापता येतं. ठेक्यावर कापणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट. अवघड असतं ते एखाद्या माणसाने उत्तर दिल्यावर कट कधी करायचा हे ठरवणं : वाक्य संपल्यासंपल्या, की तो क्षणभर खाली बघतो तेवढं थांबून. ते दाखवायला सलग प्रसंग लागतो. म्हणून या शोरीलमध्ये तीनच तुकडे आहेत, आणि पहिलाच ५० सेकंदांचा.

त्या पहाटेच्या प्रसंगाकडे जरा जवळून पाहू. अंधार आहे, चित्रात फारसं काही दिसत नाही. पण चित्र येण्याआधी आवाज येतो : बैलांच्या गळ्यातल्या घंटा, चुलीत मोडलेली काटकी, खोकला. मग एका बाईचं बोलणं सुरू होतं आणि तिचा चेहरा तीन-चार सेकंदांनी दिसतो. पुढच्या प्रसंगाचा आवाज आधी आणि चित्र मागून, या जोडणीला धंद्यात जे कट म्हणतात. उलट प्रकार, म्हणजे चित्र बदललं तरी आधीच्या माणसाचं बोलणं चालू राहणं, हा एल कट. टाइमलाइनवर चित्र आणि आवाजाच्या पट्ट्या एकमेकींच्या पुढेमागे सरकल्या की त्या अक्षरांसारख्या दिसतात, त्यावरून ही नावं पडली. सामान्य प्रेक्षकाला ते जाणवत नाही. पत्र वाचणारा दिग्दर्शक पन्नास सेकंदांत ओळखतो की हा माणूस आधी ऐकतो आणि मग कापतो. ठेक्यावरच्या दोन मिनिटांत हे कुठेच दिसलं नसतं.

प्रत्येक तुकड्यापुढे 'माझं काय' हे लिहिलेलं आहे, त्याचंही कारण आहे. फिल्मचा रंग सुंदर दिसला की बघणारा तो एडिटरच्या खात्यावर जमा करतो. पुढे काम दिल्यावर तसा रंग आला नाही की गाडं बिघडतं. तिसऱ्या तुकड्यात 'रंगकाम दुसऱ्याचं' असं सांगून त्याने ती वेळ येऊच दिली नाही. शिवाय हे वर्तुळ लहान आहे. तो कलरिस्ट कदाचित याच स्टुडिओत चहा प्यायला येत असेल.

परवानगीची ओळ अनेक जण गाळतात. आपण कापलेली फिल्म आपलीच, असा एक समज असतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन जो फिल्म बनवून घेतो तोच, वेगळा करार नसेल तर, त्या फिल्मच्या हक्कांचा पहिला मालक ठरतो. एडिटरकडे फाइल असते, हक्क नसतो. कारखान्याची अजून बाहेर न आलेली फिल्म शोरीलमध्ये घालून ती सगळ्यांना खुली ठेवणारा माणूस उद्या आपलंही काम असंच उघड्यावर टाकेल, हे स्टुडिओला लगेच सुचतं. लिंकला पासवर्ड आहे तो त्यासाठी.

लिंकबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण चांगली पत्रं इथे मार खातात. गुगल ड्राइव्हवर फाइल चढवली, पण ती फक्त स्वतःच्या खात्यापुरती उघडी राहिली, की स्टुडिओत लिंक दाबणाऱ्याला परवानगी मागण्याचं पान दिसतं. तो परवानगी मागत नाही, पुढच्या पत्राकडे वळतो. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवलं तर चालतं, पण तिथे एकदा चढवलेला व्हिडिओ बदलून तीच लिंक कायम ठेवता येत नाही. एक चूक दुरुस्त केली की नवी लिंक, आणि जुनी दहा पत्रांतून गेलेली. शोरीलला सिनेमाचं गाणं लावलं असेल, तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखून व्हिडिओ अडवू शकते, तेही नेमकं पत्र पोचल्यानंतर. विमिओच्या पैसे भरून घेतलेल्या खात्यात लिंक तीच ठेवून आतली फाइल बदलता येते, म्हणून या धंद्यातले बरेच जण तो खर्च सोसतात. काहीही वापरलं तरी तपासणी एकच. आपल्या खात्यातून बाहेर पडायचं, मोबाइलचं वायफाय बंद करायचं आणि ब्राउझरच्या खासगी खिडकीत लिंक उघडून पाहायची. समोरचा माणूस ती बहुधा अशीच उघडणार असतो, रिक्षात बसून.

राहिलं सॉफ्टवेअर. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. बोंग जून-हो यांचा 'पॅरासाइट' २०१९ साली आला आणि जगभर गाजला. त्याचं संकलन फायनल कट प्रोच्या सातव्या आवृत्तीवर झालं. ॲपलने ती आवृत्ती २०११ मध्येच बाजारातून काढून घेतली होती. ऑस्करपर्यंत पोचलेला चित्रपट आठ वर्षं मागे पडलेल्या अवजारावर कापला गेला, आणि प्रेक्षकांच्या ते गावीही नव्हतं. मग पत्रात सॉफ्टवेअरची नावं कशाला हवीत? तर चित्रासाठी नव्हे, देवाणघेवाणीसाठी. स्टुडिओत फाइल एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि त्या वाटेवरच खड्डे असतात.

प्रीमियरमधून रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन नेताना एक्सएमएल फाइल जाते. तिच्यात चित्र नसतं, फक्त कुठला शॉट कुठून कुठपर्यंत वापरला याची नोंद असते. साधे कट नीट पोचतात. वेग कमी-जास्त करत नेलेला शॉट, एकात एक गुंडाळलेल्या टाइमलाइन, प्रीमियरमधले इफेक्ट हे मात्र वाटेत बिघडतात किंवा गळून पडतात. जाणता एडिटर म्हणून बरोबर संपूर्ण फिल्मची एक साधी प्रत काढून देतो, आणि रिझॉल्व्हमध्ये ती खाली ठेवून एकेक कट ताडून पाहतो. पत्रातल्या 'टाइमलाइन एक्सएमएलने रिझॉल्व्हमध्ये नेतो' या वाक्यात हे सगळं लिहिलेलं नाही. पण ज्याने हे केलं आहे तोच असं वाक्य लिहितो. ज्याने केलेलं नसतं तो 'रिझॉल्व्ह ८५ टक्के' लिहितो. आवृत्तीबद्दलचा प्रश्नही तसाच. प्रीमियरच्या नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही. स्टुडिओने मशीन चालू आहे म्हणून दोन वर्षं अद्ययावत केलेलं नसतं, आणि एडिटरने काल रात्रीच नवी आवृत्ती टाकलेली असते. हे कळतं ते फिल्म देण्याच्या आदल्या दिवशी.

मोबाइलच्या दीड तासाच्या फुटेजची नोंद पत्रात ओझरती आहे, पण ती वाचून घरच्या एडिटरची मान हलेल. कॅमेरा सेकंदाला ठरलेल्या २५ फ्रेम टिपतो. मोबाइल अनेकदा ३० च्या आसपास वर-खाली होत राहतो, प्रकाश कमी झाला की त्याचा वेग बदलतो. असं फुटेज तसंच टाइमलाइनवर टाकलं तर सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, आणि दहाव्या मिनिटाला शब्द आधी, ओठ नंतर. कापायला बसण्याआधी ते हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून ठरावीक वेगाचं करून घ्यावं लागतं. तरीही ३० चं २५ मध्ये बसवताना दर सहा फ्रेमपैकी एक गळतेच, आणि चालणारा माणूस किंचित अडखळल्यासारखा दिसतो. कामगारांनी स्वतः काढलेलं चित्रण असेल तर तो अडखळ खपून जातो, कॉर्पोरेट फिल्ममध्ये खपत नाही.

मराठी सबटायटलची ओळ बाहेरच्या वाचकाला किरकोळ वाटेल. प्रीमियरमध्ये देवनागरी लिहिताना Text Engine या पर्यायात South Asian and Middle Eastern निवडलेलं नसेल, तर अक्षरं मोडतात. 'शिक्षण' लिहिलं तर वेलांटी शच्या आधी न येता मागे जाऊन बसते आणि क्षचा क् ष होतो. हे रोज मराठी टाइप करणाऱ्याला क्षणात दिसतं, न करणाऱ्याला फिल्म लोकांपुढे गेल्यावर फोन येतो. दुसरी भानगड जुन्या फाँटांची. संस्थेने मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फाँटात टाइप करून पाठवला, तर तो चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलताना काही जोडाक्षरं हटकून चुकतात, म्हणून पुन्हा वाचावा लागतो. 'युनिकोडमध्ये करतो आणि एसआरटी वेगळी देतो' याचा अर्थ असा की उद्या संस्थेला एक शब्द बदलायचा झाला, तर अख्खी फिल्म नव्याने काढावी लागणार नाही.

हार्ड डिस्क घ्यायला कोल्हापूरहून पुण्याला येण्याची तयारी म्हणजे नम्रता दाखवणं नव्हे. त्यामागे गणित आहे. मुख्य कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटने फोर-के चित्र नोंदवत असेल तर तासाला ४५ जीबी होतात. ऊसतोडीच्या माहितीपटाचे १४ तास म्हणजे ६३० जीबी. एवढं घरगुती इंटरनेटवरून मागवणं कठीण. त्यावरचा उपाय म्हणजे प्रॉक्सी, मूळ फुटेजच्या हलक्या प्रती. दहापट हलक्या केल्या तर १४ तासांचे ६३ जीबी होतात आणि दोन-तीन रात्रींत उतरतात. कापाकाप प्रॉक्सीवर करायची, शेवटी स्टुडिओच्या मशीनवर मूळ फाइल जोडायच्या. पण त्यासाठी फाइलींची नावं दोन्हीकडे तंतोतंत तीच हवीत. मधेच कुणी नीटनेटकेपणाच्या हौसेने नावं बदलली की टाइमलाइनवर लाल चौकट आणि Media Offline. दोन शहरांतून काम चालायचं असेल तर हे आधीच बोलून घेणारा माणूस बरा. पत्रातला तो एक उल्लेख त्या बोलण्याची वाट मोकळी करतो.

पत्रात दर लिहिलेला नाही. यावर या धंद्यात एकमत नाही. जाहिरातीत दर मागितला असेल तर लिहावाच. मागितला नसेल, तर फुटेज किती तासांचं आहे हे कळण्याआधी दिलेला आकडा दोघांपैकी एकाला महागात पडतो. सोळा तासांतून काढलेली १२ मिनिटं आणि दोन तासांतून काढलेली १२ मिनिटं ही सारखी कामं नव्हेत, आणि मिनिटाच्या दराने बोलणाऱ्या स्टुडिओला हे समजावून सांगायला फोन बरा.

पत्राला उत्तर आलं तर बहुधा ते चाचणीचं येतं : अर्ध्या तासाचं फुटेज देतो, दोन मिनिटं कापून दाखवा. मागणी रास्त आहे, पण तिची हद्द ठरवून घ्यावी लागते. एका दिवसाचं काम असेल तर ठीक. पूर्ण फिल्मच चाचणी म्हणून मागितली, तर ती चाचणी नसते, फुकटची फिल्म असते. जुने एडिटर अशा वेळी चाचणीच्या चित्रावर टाइमकोडची पट्टी छापून पाठवतात. काम नीट पाहता येतं, चुका दाखवायला टाइमकोड सोयीचा पडतो, आणि तीच फाइल क्लायंटकडे सरकवता येत नाही. कोल्हापूरच्या एडिटरला चाचणीचं फुटेज मिळालं, तर त्याने सगळ्यात आधी विचारायचं ते हे : मूळ मुलाखत किती मिनिटांची होती, आणि तिचा उतारा कुणी काढला आहे का?